‘कळविण्यात येते’च्या आड लपू नकोस

ताई,

मी २४ वर्षांची आहे, सांगलीला राहते. मराठीत एम.ए. केलंय. कोल्हापूरच्या एका लहान प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधकाच्या जागेसाठी मुलाखत दिली होती. सरांनी एका अप्रकाशित पुस्तकाचा एक फॉर्मा तपासायला दिला आणि नंतर अर्धा तास बसून माझ्या खुणा कुठे चुकल्या ते समजावलं. ‘घरी नेऊन पुन्हा नीट बघ’ म्हणाले, त्यामुळे तो फॉर्मा अजून माझ्याकडेच आहे. १२ तारखेला ऑफर लेटर आलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी ‘हो, बहुतेक येईनच’ म्हणाले. पण सही करून पत्र परत पाठवलेलं नाही. त्यासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. मधल्या काळात पुण्याहून जास्त पगाराची आणि संपादनाचंही काम शिकायला मिळेल अशी ऑफर आली. ती मी लेखी स्वीकारली, त्यांची पोचही आली. आता कोल्हापूरला नकार कळवायचा आहे. आमचा सगळा पत्रव्यवहार मराठीतच झालाय. खालची ईमेल व्याकरण आणि सूर दोन्ही बाजूंनी तपासून द्याल का? मुद्रितशोधकाच्याच नोकरीला नाही म्हणताना शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या तर मला फार लाज वाटेल.

*आदरणीय सर,*

*आपणांस कळविण्यात येते कि, आपल्याकडून आलेले ऑफर लेटर दि. १२ रोजी प्राप्त झाले. तुम्ही माझी निवड केल्याबद्दल मी आपला खूप खूप आभारी आहे. आपल्या संस्थेत काम करणे हे माझे स्वप्न होते व मला अतिशय आनंद झाला होता. परंतु काही अपरिहार्य वैयक्तीक कारणांमुळे सदर पदा साठी रुजू होणे कदाचित शक्य होणार नाही असे वाटते. दरम्यान मला पुण्यात आपल्यापेक्षा चांगल्या पगाराची व मोठ्या संस्थेची ऑफर आली असून ती मी स्विकारली आहे. तरी झालेल्या गैरसोयी बद्दल क्षमस्व. भविष्यात आपल्या कडे संधी असल्यास माझा जरूर विचार करावा हि नम्र विनंती.*

*कळावे,*
*आपली विश्वासू*

— एक वाचक, सांगली

---

प्रिय मैत्रिणी,

शुक्रवारची वाट बघू नकोस, आजच पाठव. दिवाळी अंकांच्या आधीचे हे महिने लहान प्रकाशनाला किती जड जातात, ते मी आतून पाहिलंय. अंकाची पानं, त्याच सुमाराला काढायची पुस्तकं आणि मुद्रितं वाचायला दोनच डोळे. मुलाखतीला आलेल्यांपैकी दुसऱ्या क्रमांकावर कुणीतरी आहे आणि तुझं उत्तर येईपर्यंत सर त्या व्यक्तीला ना हो म्हणू शकत, ना नाही. मुदत असते ती विचार करायला. तुझा विचार तर झालेला आहे.

पुण्याची पोच लेखी आली आहे, म्हणून ‘आजच’ म्हणते. ती फक्त फोनवर मिळाली असती, तर कोल्हापूरला कळवण्याआधी थांब म्हणाले असते.

आता मजकुराकडे येऊ. शुद्धलेखनाच्या चुका मी पुढे दुरुस्त करून देते, त्या अवघड नाहीत. खरी अडचण मधल्या दोन वाक्यांत आहे, आणि ती अडचण नुसत्या व्याकरणाची नाही.

‘अपरिहार्य वैयक्तिक कारणांमुळे रुजू होणे कदाचित शक्य होणार नाही असे वाटते’ असं तू लिहितेस आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘चांगल्या पगाराची ऑफर स्वीकारली आहे’ म्हणतेस. म्हणजे कारण एक ओळभर लपवलं आणि दुसऱ्या ओळीत स्वतःच उघड केलं. वाचणाऱ्याला आधीचं वाक्य खोटं वाटणार. शिवाय ‘कदाचित’, ‘शक्य होणार नाही’ आणि ‘असे वाटते’ या तीन गोष्टी एकाच वाक्यात आल्या, की नकार उरतच नाही. नम्रता आणायला तू ते शब्द घातलेस, हे मला कळतं. पण ‘कदाचित’ने वाक्य नम्र होत नाही, संदिग्ध होतं, आणि त्या संदिग्धतेची किंमत समोरचा माणूस मोजतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रकाशनात संपादन विभाग माझ्याकडे होता. निवड झालेल्या एका मुलाचं असंच पत्र आलं. त्यात अपरिहार्य कारण होतं, ‘तूर्तास’ होतं आणि ‘कदाचित’ही होतं. मला वाटलं, घरी काही आजारपण असेल, पंधरा दिवसांत येईल. मी जागा त्याच्यासाठी धरून ठेवली. दरम्यान यादीतली दुसरी मुलगी दुसरीकडे लागली. मुलगा आला नाहीच. तो आधीच एका ठिकाणी रुजू झाला होता. त्या वर्षीच्या अंकाची मुद्रितं मी रात्री घरी बसून वाचली. दुसरी नोकरी घेतल्याचा राग मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. एका सरळ वाक्याने माझे ते पंधरा दिवस वाचले असते, याचं वाईट वाटतं.

म्हणून नकाराचं वाक्य असं असू दे: ‘मी पुण्यातील एका संस्थेत काम स्वीकारले आहे. त्यामुळे आपल्याकडे मला रुजू होता येणार नाही.’ पहिलं वाक्य कारण सांगतं, दुसरं परिणाम. पहिल्यात ‘मी’ आहे, दुसऱ्यात ‘मला’ आहे, आणि हे दोन्ही शब्द तिथे हवेतच. तुझ्या मसुद्याची सुरुवातच ‘कळविण्यात येते’ने झाली आहे. ती सरकारी पत्राची भाषा. तिथे कळवणारी एक व्यक्ती नसते, कार्यालय असतं. म्हणून कर्ता गाळलेला चालतो. तू एकटी आहेस आणि एका माणसाला लिहिते आहेस, त्याने अर्धा तास तुझ्याजवळ बसून तुला शिकवलं आहे. त्याला ‘कळविण्यात येते’ म्हटलं की तुमच्यामध्ये टेबल आणि शिक्का येऊन बसतो. ‘सदर’ आणि ‘प्राप्त झाले’ हे शब्दही त्याच कपाटातले. ‘मिळाले’ हा शब्द पुरेसा आदराचा आहे.

‘रुजू होणे शक्य होणार नाही’ आणि ‘मला रुजू होता येणार नाही’ यांतला फरकही कानाने ऐकून बघ. पहिल्यात कुणाला शक्य नाही तेच नाही. दुसरं ठाम आहे आणि तरी मऊ आहे, कारण ‘ता येणे’ची रचना नाही म्हणण्याचा भार माणसाच्या इच्छेवर न टाकता परिस्थितीवर टाकते. ‘मी रुजू होणार नाही’ हेही व्याकरणाने बरोबर आहे, पण ते भांडणानंतर लिहिल्यासारखं वाटतं. ‘मी आपली ऑफर नाकारत आहे’ याची तीच गत. मराठीत ‘नाकारणे’ला थोडी ढकलल्याची छटा आहे: अर्ज नाकारतात, आरोप नाकारतात. स्वीकारता न आलेल्या गोष्टीला तो शब्द नको.

आता ‘आपल्यापेक्षा चांगल्या पगाराची व मोठ्या संस्थेची’. हे पूर्ण काढ. पगाराचा आकडा सरांना ठाऊक आहे, कारण तो त्यांनीच लिहिला. तो कमी होता, हे त्यांना तुझ्याकडून ऐकायचं नाही, आणि संस्था लहान असल्याचं तर नाहीच. तुला तसं म्हणायचं नव्हतं. तुला फक्त कारण पटवून द्यायचं होतं. पण कारण पटवून देण्याची गरज नाही. दुसरीकडे काम घेतलं, एवढं सांगणं प्रामाणिकपणाला पुरे आहे. संस्थेचं नावही लिहू नकोस. मात्र ते लपवण्यासाठी ‘घरगुती कारण’ असलं काही रचू नकोस. आपलं हे जग लहान आहे. उद्या तुझ्या हातून गेलेल्या पुस्तकाच्या श्रेयनामावलीत ‘मुद्रितशोधन’च्या पुढे तुझं नाव येईल, संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात दोन्ही प्रकाशनांचे गाळे असतील आणि सर ते पुस्तक उचलून चाळतील. त्या दिवशी तुला त्यांच्याकडे बघून हसता आलं पाहिजे.

पुढचं वाक्य ‘झालेल्या गैरसोयी बद्दल क्षमस्व’. ‘क्षमस्व’ मराठीत रूढ आहे, त्याला चूक म्हणणार नाही. पण संस्कृतात ते आज्ञार्थाचं एकवचन आहे, ‘तू क्षमा कर’. ज्यांना सबंध पत्रात ‘आपण’ म्हटलं त्यांच्यासमोर ते जाणकाराला खटकतं. त्याहून मोठं कारण असं, की तो शब्द आता रस्त्यावरच्या पाटीचा झालाय: काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. पाटी कुणाचीच माफी मागत नाही. तुला माफी मागायची आहे ती एका ठरावीक गोष्टीची. फोनवर तू ‘बहुतेक येईनच’ म्हणालीस. ईमेलमध्ये त्याचा उल्लेखच नाही, आणि सरांच्या मनात तीच गोष्ट पहिली येणार. तिचं नाव घे आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त कर. मग ‘गैरसोय’ लिहायची गरजच उरत नाही.

त्या ‘बहुतेक’वरून तुला कायद्याची धास्ती वाटत असेल, म्हणून एवढं सांगून ठेवते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ७व्या कलमाप्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. ‘बहुतेक येईन’ तसा नाही, आणि सही केलेलं पत्र तर तू पाठवलेलंच नाहीस. सही करून पाठवलं असतंस, तर ही ईमेल नकाराची न राहता दिलेला होकार मागे घेण्याची झाली असती, आणि मग ऑफर लेटरमधल्या अटी आधी वाचाव्या लागल्या असत्या. तुझ्याबाबतीत उरलाय तो फक्त शब्दाचा प्रश्न. तो मात्र आहे.

शेवटची विनंती, ‘भविष्यात माझा जरूर विचार करावा’, मी गाळली आहे. नाही म्हणतानाच काही मागणं बरं दिसत नाही, आणि हे वाक्य इतक्या पत्रांत येतं की कुणी ते वाचत नाही. त्याजागी तुझ्याकडे खरी, फक्त तुझीच अशी एक गोष्ट आहे: तो अर्धा तास. ‘आपल्या संस्थेत काम करणे हे माझे स्वप्न होते’पेक्षा त्या खुणांबद्दलचं एक वाक्य सरांच्या कितीतरी जास्त लक्षात राहील. स्वप्नाच्या वाक्यात आणखी एक गोम आहे. ‘स्वप्न होते’, ‘आनंद झाला होता’ असं लिहिलं की ते सारं संपल्याचं ऐकू येतं. आनंद झाला असेल तर ‘आनंद झाला’ लिहावं. ‘होता’ जोडला की मागून ‘पण’ येणार हे वाचणाऱ्याला आधीच कळतं.

आता शुद्धलेखन. तुझ्या चुका तीन-चार मुळांतून आल्या आहेत, आणि मुळं कळली की पुन्हा होणार नाहीत.

‘कि’ आणि ‘हि’ दोन्ही दीर्घ हवेत: ‘की’, ‘ही’. एकाक्षरी शब्दातला इकार मराठीत दीर्घ असतो: मी, ती, जी, पी. अपवाद ‘नि’चा, आणि त्याच्या जोडीने ‘आणि’चा. तू ‘आणि’ टाळून दोनदा ‘व’ वापरलास. ऱ्हस्व-दीर्घाच्या शंकेने टाळला असशील तर आता बिनधास्त लिही. आणि ‘की’नंतर स्वल्पविराम नको.

‘वैयक्तीक’मध्ये तुझा हात ‘गरीब’, ‘वकील’च्या वळणावर गेला. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार दीर्घ, हे खरं; पण ते तत्सम शब्दांना लागू नाही. ‘इक’ प्रत्यय संस्कृतातून जसा आला तसाच ऱ्हस्व राहतो: सामाजिक, वार्षिक, वैयक्तिक. (तो शब्द आता ईमेलमधून गेलाच आहे, पण मुद्रितं तपासताना रोज भेटेल.)

‘स्विकारली’ उलट दिशेने चुकलं. मूळ शब्द ‘स्वीकार’, म्हणजे स्वतःचं करणं. ‘स्व’चा ‘स्वी’ तसाच होतो, जसा ‘स्पष्ट’चा ‘स्पष्टीकरण’मध्ये आणि ‘एक’चा ‘एकीकरण’मध्ये दीर्घ ईकार होतो. हा धागा लक्षात ठेवलास तर ‘स्वीकार’, ‘स्वीकृत’, ‘स्वीकारणे’ कधीच चुकणार नाहीत. नकाराच्या ईमेलमध्ये हा शब्द अगदी मध्यभागी येतो, म्हणून त्याची जास्त काळजी घे.

‘पदा साठी’, ‘गैरसोयी बद्दल’, ‘आपल्या कडे’ या तिन्ही ठिकाणी शब्द तुटले आहेत. मला वाटतं तू हे फोनवर टंकलंस. सुचवलेला शब्द निवडला की कळफलक मागे एक जागा सोडतो. शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडूनच लिहायचं. ओळखायची खूण सोपी आहे: ‘पदा’ हा शब्द एकटा उभा राहतो का? नाही. ते ‘पद’चं सामान्यरूप आहे, म्हणजे पुढचा शब्द त्याला चिकटलेला असणारच. तसं ‘पदासाठी रुजू’ही बसत नाही. माणूस पदावर, कामावर किंवा सेवेत रुजू होतो. निवड किंवा अर्ज मात्र पदासाठी असतो.

‘मी आपला आभारी आहे’ हे पुरुषाने लिहिलेल्या कुठल्यातरी नमुन्यातून आलंय. ‘आभारी’ बदलत नाही, म्हणून आपण फसतो. पण ‘आपला’ मात्र ‘मी’प्रमाणे बदलतो. तू लिहिशील ‘मी आपली आभारी आहे’. ही चूक संगणकाची तपासणी दाखवणार नाही, कारण दोन्ही शब्द शुद्धच आहेत. अशा जागा स्वतः मोठ्याने वाचून धराव्या लागतात. ‘खूप खूप’ऐवजी ‘मनापासून’ घे. ‘खूप खूप’ वाढदिवसाला छान वाटतं.

एक शेवटची जागा: ‘तुम्ही माझी निवड केल्याबद्दल मी आपला…’ एकाच वाक्यात ‘तुम्ही’ आणि ‘आपण’. यांपैकी कुठलंही चालेल, पण शेवटपर्यंत एकच. सरांनी त्यांच्या पत्रात ‘आपण’ लिहिलं असणार, म्हणून मी ‘आपण’ ठेवलंय. मात्र ‘आपण’ लिहिताना एक भान ठेव. मराठीत ‘आपला’चा अर्थ ‘तुमचा’ होतो, ‘आपणा सर्वांचा’ होतो आणि ‘स्वतःचा’ही होतो. उद्या तू ‘मी आपल्या निर्णयावर खूप विचार केला’ असं लिहिलंस, तर निर्णय कुणाचा ते कळणार नाही. स्वतःचं असेल तिथे ‘माझा’ लिहून मोकळी हो.

सगळं लावून ईमेल अशी होते:

*आदरणीय … सर,*

*आपण १२ तारखेला पाठवलेले ऑफर लेटर मिळाले. मुद्रितशोधकपदासाठी माझी निवड केल्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे.*

*मी पुण्यातील एका संस्थेत काम स्वीकारले आहे. त्यामुळे आपल्याकडे मला रुजू होता येणार नाही. आपला फोन आला तेव्हा मी बहुतेक येईन असे म्हणाले होते. ते मला पाळता आले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. आपले पुढचे काम खोळंबू नये म्हणून मुदतीची वाट न पाहता आजच कळवत आहे.*

*मुलाखतीच्या दिवशी आपण माझी एकेक खूण तपासून ती कुठे चुकली ते समजावून सांगितले. निवड होण्याआधीच मला इतके शिकायला मिळाले, हे मी विसरणार नाही. आपण घरी दिलेला फॉर्मा अप्रकाशित पुस्तकाचा आहे, म्हणून तो मी उद्या टपालाने परत पाठवत आहे.*

*कळावे,*
*आपली नम्र,*
*…*

सरांच्या आधीच्या ठिपक्यांच्या जागी त्यांचं आडनाव घाल. नुसतं ‘आदरणीय सर’ हे कुणालाही लिहिता येतं. ऑफर लेटर ज्या ईमेलने आलं, तिलाच उत्तर म्हणून हे पाठव. विषय तोच राहू दे, म्हणजे त्यांच्याकडे एकाच जागी सगळी नोंद राहील. ‘विश्वासू’ऐवजी ‘नम्र’ केलंय, कारण शब्द फिरवल्याचं ज्या पत्रात सांगतोय त्याच्याच शेवटी ‘विश्वासू’ वाचायला बरं वाटत नाही. ‘कळावे’ तसंच ठेवलंय. त्याच्यापुढे काहीजण ‘लोभ असावा’ जोडतात. ते घरोब्याच्या पत्रात शोभतं, इथे नको.

ही ईमेल १०० शब्दांच्या थोडी वर गेली आहे. त्यातून एखादं वाक्य कमी करावंसं वाटलं तर मुदतीचं कर, दिलगिरीचं करू नकोस.

मला विचारशील तर ईमेलच्या आधी फोन कर. तू होकार फोनवर दिला होतास, नकार नुसता लेखी गेला तर तोंड चुकवल्यासारखं होईल. सकाळी कामाच्या गर्दीत नको, दुपारच्या जेवणानंतर कर. दोनच वाक्यं: ‘सर, मी पुण्याला काम घेतलंय, त्यामुळे मला येता येणार नाही. त्या दिवशी येईन म्हणाले होते, म्हणून आधी फोन करून सांगते.’ मग गप्प राहा आणि त्यांना बोलू दे. फोन झाला की तासाभरात ईमेल पाठव, आणि तिच्यात ‘त्यामुळे’च्या आधी ‘आज फोनवर सांगितल्याप्रमाणे’ एवढं घाल. फोन लागला नाही तर वरची ईमेल जशी आहे तशी पुरते.

फोनवर ते पगार वाढवून देतो म्हणण्याची शक्यता आहे. नमुन्याच्या फॉर्म्यावर अर्धा तास घालवणारा माणूस चांगला मुद्रितशोधक सहज सोडत नाही. त्या वेळी ‘विचार करून सांगते’ म्हणू नकोस. नको तिथे दुसऱ्यांदा ‘बहुतेक’ म्हटल्यासारखं होईल. ‘पुण्याला मी लेखी होकार दिलाय, तो आता मोडणार नाही’ एवढंच सांग. ते खरं आहे, आणि शब्द पाळणं त्यांनाही समजतं. ते थोडे नाराज झाले तर होऊ दे, समजावत बसू नकोस. ईमेलला उत्तर आलं नाही, तरी पुन्हा लिहू नकोस.

फॉर्मा उद्याच स्पीड पोस्टाने पाठव. त्याची झेरॉक्स काढून ठेवली असशील किंवा फोनवर फोटो असतील, तर तेही राहू देऊ नकोस. पुस्तक अजून लेखकाच्या आणि सरांच्या हातातच आहे. तुझ्या खुणांच्या शेजारी सरांनी केलेल्या खुणा मात्र पाठवण्याआधी एकदा वहीत उतरवून घे. पुस्तकाचा मजकूर नको, फक्त कुठली चूक कुठल्या खुणेने दाखवली तेवढं.